सोळा की सतरा?

एक त्रिकोण काढा. वरचा शिरोबिंदू अ, पायाचा डावा कोपरा ब आणि उजवा क. आता ब पासून समोरच्या बाजूवर कुठेही एक रेषा न्या, तिचं टोक इ. तशीच क पासून समोरच्या बाजूवर एक रेषा न्या, तिचं टोक फ. दोन्ही रेषा आत जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू ग. आकृती एवढीच. हिच्यात त्रिकोण किती?

बहुतेक जण पटकन पाच किंवा सहा म्हणतात, काहींचं सातपर्यंत जातं. बरोबर उत्तर आठ आहे. आकृतीत रेषा अवघ्या पाच, तरीही हातून दोन-तीन त्रिकोण निसटतात. शिष्यवृत्ती परीक्षेची बुद्धिमत्ता चाचणी, आठवीतली ‘एनएमएमएस’, पोलीस भरती, सगळीकडे ‘आकृतीत एकूण त्रिकोण किती’ हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच. तो चुकतो तेव्हा मुलाला आकृती कळलेली असते, त्रिकोण म्हणजे काय हेही पक्कं ठाऊक असतं. बोट मात्र आकृतीवर मन मानेल तसं फिरत असतं. त्यामुळे एखादा त्रिकोण दोनदा मोजला जातो, एखादा राहूनच जातो, आणि आलेल्या आकड्याच्या जवळचा पर्याय गोल केला जातो.

डोळा असं का करतो, याचा अभ्यास जुना आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ कुर्ट गॉटशाल्ट यांनी १९२६ साली साध्या आकृत्या गुंतागुंतीच्या आकृत्यांमध्ये लपवून त्या लोकांना शोधायला दिल्या. १९५० मध्ये अमेरिकेत हर्मन विटकिन यांनी त्याच धर्तीवर चाचणी तयार केली आणि लपलेली आकृती सापडायला कुणाला किती वेळ लागतो ते मोजलं. नजर आकृतीकडे एकसंध म्हणून पाहते. एखादी रेषा एकदा एका आकाराची कड म्हणून मनात बसली, की तीच रेषा दुसऱ्या आकाराचीही कड आहे हे सहजासहजी दिसत नाही. नवोदयच्या प्रवेश परीक्षेत ‘लपलेली आकृती’ नावाचा जो भाग असतो, तो याच चाचणीच्या कुळातला. तिथे एकच आकार शोधायचा असतो. मोजणीच्या प्रश्नात मात्र लपलेले सगळे आकार हुडकायचे असतात, आणि ते नुसत्या नजरेच्या भरवशावर जमत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे आकृतीच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक देणं. तुकडा म्हणजे ज्याच्या आतून एकही रेषा जात नाही असा सर्वांत लहान भाग. आपल्या आकृतीत असे चार तुकडे आहेत. ग-ब-क हा खालचा, ग-ब-फ हा डावीकडचा आणि ग-क-इ हा उजवीकडचा, हे तीन त्रिकोण. चौथा तुकडा वरचा, अ-फ-ग-इ. तो चौकोन आहे. नेमकी इथेच पहिली चूक होते. ‘त्रिकोण मोजायचेत, मग चौकोनाला कशाला नंबर?’ असं म्हणून मुलं तो तुकडा सोडून देतात. आता पाहा, त्या चौकोनाला डावीकडचा तुकडा जोडला की अ-ब-इ हा त्रिकोण तयार होतो. उजवीकडचा जोडला की अ-क-फ. आणि चारही तुकड्यांचा मिळून मूळचा मोठा त्रिकोण. म्हणजे आठपैकी तीन त्रिकोण या चौकोनावाचून बनतच नाहीत. पाच-सहा म्हणणाऱ्यांचे बहुतेक हेच राहिलेले असतात.

क्रमांक दिले की मोजणी तुकड्यांच्या संख्येप्रमाणे करायची. एका तुकड्याचे त्रिकोण तीन. दोन तुकड्यांचे चार: खालचा आणि डावा, खालचा आणि उजवा, वरचा आणि डावा, वरचा आणि उजवा. तीन तुकड्यांचा एकही नाही. चार तुकड्यांचा एक. तीन, चार आणि एक मिळून आठ. ‘तीन तुकड्यांचा एकही नाही’ हेही कागदावर लिहायचं, शून्य म्हणून लिहायचं. त्या जागी नुसतं रिकामं सोडलं, तर आपण ती पायरी तपासून पुढे गेलो की विसरून, हे दोन मिनिटांनी सांगता येत नाही.

दोन किंवा जास्त तुकडे जोडून त्रिकोण झाला की नाही, हे ओळखायची एक साधी खूण आहे. जोडलेल्या भागाच्या कडेकडेने मुंगी चालत गेली, तर एका फेरीत ती तीनदाच वळली पाहिजे आणि तिन्ही वेळा एकाच अंगाला. चौथं वळण आलं की तो त्रिकोण नाही. वळण उलट्या अंगाला आलं, म्हणजे तिथे आत खाच आहे, तर तो त्रिकोण असूच शकत नाही. वाटेत नुसता एखादा बिंदू लागला आणि रेषा सरळच पुढे गेली, तर ते वळण धरायचं नाही. फ हा बिंदू अ-ब बाजूवर आहे, पण त्या बाजूने जाताना तिथे काही वळावं लागत नाही.

आता त्याच त्रिकोणात तिसरी रेषा घाला. अ पासून खाली बक बाजूवर, तिचं टोक द. द, इ, फ हे बाजूंचे मध्यबिंदू धरा, म्हणजे तिन्ही रेषा मध्यगा होतील आणि ग या एकाच बिंदूत भेटतील. हा परीक्षेतला अगदी लाडका नमुना. ग भोवती आता सहा तुकडे झाले आणि या वेळी सगळेच त्रिकोण आहेत. त्यांना गोलाकार क्रमाने क्रमांक द्या: ग-ब-द हा १, ग-द-क हा २, ग-क-इ हा ३, ग-इ-अ हा ४, ग-अ-फ हा ५ आणि ग-फ-ब हा ६. क्रम गोलाकारच ठेवायचा. मग शेजारी कोण, हे नुसत्या आकड्यांवरून कळतं आणि आकृतीकडे फार वेळा पाहावं लागत नाही.

एकेका तुकड्याचे त्रिकोण सहा. दोन शेजाऱ्यांच्या जोड्याही सहा, पण त्यांतल्या निम्म्याच कामाच्या. १ आणि २ जोडले की ग-ब-क, त्रिकोण झाला, कारण द हा बिंदू सरळ पायावर पडतो. २ आणि ३ जोडले की ग-द-क-इ, चार वळणं, बाद. याच चालीने ३-४ आणि ५-६ चालतात, ४-५ आणि ६-१ चालत नाहीत. दोन तुकड्यांचे त्रिकोण तीन.

तीन-तीन शेजाऱ्यांची गंमत अशी, की इथे सहाच्या सहा जमतात. १-२-३ घ्या. त्याची कड ब पासून पायावरून क पर्यंत, तिथून इ पर्यंत आणि इ पासून ग मधून सरळ परत ब पर्यंत जाते. वळणं तीन. २-३-४ घेतलं की अ-द-क. कुठूनही सुरुवात करा, सलग तीन तुकडे म्हणजे एका मध्यगेच्या एका बाजूचा अर्धा त्रिकोण. मध्यगा तीन, प्रत्येकीच्या दोन बाजू, म्हणून सहा. चार तुकडे घेतले की उरलेल्या दोघांच्या जागी ग पाशी आत खाच पडते, म्हणून शून्य. पाचांचंही तेच. सहाही तुकड्यांचा एक. सहा, तीन, सहा, शून्य, शून्य, एक. बेरीज सोळा.

उत्तर आलं. पण ते बरोबर आहे हे कशावरून? पुन्हा त्याच पद्धतीने मोजलं तर चूक झाली असेल तिथे पुन्हा तीच होण्याची भीती असते. पडताळा वेगळ्या वाटेने यायला हवा. ती वाट रेषांची.

त्रिकोण म्हणजे तीन रेषा. आकृतीत पूर्ण लांबीच्या रेषा किती? तीन बाजू आणि तीन मध्यगा, एकूण सहा. सहा रेषांतून तीन निवडायचे प्रकार २० (सहा, पाच आणि चार यांचा गुणाकार १२०, त्याला सहाने भागायचं). या आकृतीतल्या कोणत्याही दोन रेषा आकृतीतच कुठे ना कुठे भेटतात, म्हणून प्रत्येक तिकडीचा एक त्रिकोण व्हायला हवा. अपवाद एकच: तिन्ही रेषा एकाच बिंदूतून गेल्या तर त्रिकोण उरत नाही. अ मधून तीन रेषा जातात, दोन बाजू आणि एक मध्यगा. ती एक तिकडी वजा. ब मधून एक, क मधून एक. २० वजा ३, म्हणजे १७.

आणि आपण मोजले १६. एक कुठे गेला? तो ग पाशी गेला. तिन्ही मध्यगा ग या एकाच बिंदूत भेटतात, म्हणून त्या तिकडीचाही त्रिकोण होत नाही. १७ वजा १, सोळा. दोन्ही वाटा एका ठिकाणी आल्या.

हा एकाचा फरक मला या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो. आतल्या तीन रेषा मध्यगा नसतील, कशाही काढलेल्या असतील आणि एका बिंदूत न भेटता अगदी किंचित चुकत असतील, तर मधोमध एक बारीकसा त्रिकोण उघडतो आणि उत्तर सतरा होतं. तो त्रिकोण तांदळाच्या दाण्याएवढा असला तरी मोजणीत तो पूर्ण एक. म्हणून मोजायला लागण्याआधी आकृतीतल्या प्रत्येक छेदनबिंदूकडे बघून घ्यावं: इथे दोन रेषा भेटताहेत की तीन? तीन असतील तर खरोखर एकाच बिंदूत? स्वस्त छपाईच्या गाइडमध्ये रेषा जाड येतात आणि मधला भाग काळा होऊन बसतो. अशा वेळी रेषांची टोकं पाहावीत. टोकं बाजूंच्या मध्यावर दिसत असतील तर काढणाऱ्याच्या मनात मध्यगा आहेत, उत्तर सोळा. टोकं स्पष्टपणे मध्यापासून सरकलेली असतील आणि पर्यायांत सोळा व सतरा दोन्ही असतील, तर प्रश्न मुद्दाम तिथेच रचलेला आहे असं समजावं.

रेषांची ही पद्धत चौरसातही चालते, फक्त तिथे समांतर रेषा असतात आणि त्या कधीच भेटत नाहीत. चौरस अबकड काढा, दोन्ही कर्ण काढा आणि समोरासमोरच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडा. केंद्राभोवती आठ तुकडे होतात. वरच्या बाजूपासून गोलाकार क्रमांक द्या, म्हणजे १ आणि २ वरच्या बाजूला टेकलेले, ३ आणि ४ उजवीकडच्या, ५ आणि ६ खालच्या, ७ आणि ८ डावीकडच्या. एकेक तुकडा आठ त्रिकोण. जोड्यांमध्ये १-२, ३-४, ५-६ आणि ७-८ हे चार त्रिकोण. मधल्या जोड्या म्हणजे २-३, ४-५ वगैरे जोडल्या की त्रिकोणाऐवजी छोटे चौरस मिळतात. तीन तुकड्यांचा एकही नाही. चार तुकड्यांत १-२-३-४ हा कर्णाने कापलेला अर्धा चौरस, आणि असे चार. पण २-३-४-५ घेतलं तर मध्यरेषेने कापलेला आयत निघतो, तो नको. आठ, चार आणि चार, एकूण सोळा.

आता रेषांकडून. आडव्या रेषा तीन, उभ्या तीन, तिरप्या दोन, म्हणजे दोन कर्ण. त्रिकोणाला तीन वेगवेगळ्या दिशांच्या रेषा लागतात. एक आडवी, एक उभी आणि पहिला कर्ण, असे नऊ प्रकार. पण त्यांतले तीन वेळा आडवी आणि उभी रेषा नेमक्या त्या कर्णावरच भेटतात, ते वजा, उरले सहा. दुसऱ्या कर्णाचेही सहा. एक आडवी आणि दोन्ही कर्ण, असे तीन. त्यांतली मधली आडवी केंद्रातूनच जाते, ती वजा, उरले दोन. उभ्यांचे तसेच दोन. सहा, सहा, दोन, दोन. पुन्हा सोळा. मध्यगांच्या त्रिकोणातही सोळा आणि इथेही सोळा, हा निव्वळ योगायोग आहे. ‘मधून रेषा गेल्या की सोळा’ असं पाठ करून ठेवणारी मुलं पुढच्याच आकृतीत अडकतात.

ती पुढची आकृती अशी. याच चौरसात बाजूंचे मध्यबिंदू एकमेकांना तिरपे जोडा, म्हणजे आत एक उभा ठेवलेला, पतंगासारखा दिसणारा चौरस तयार होईल. तुकडे आता सोळा झाले. इथे रेषांची पद्धत जशीच्या तशी लावली तर घात होतो. आतल्या पतंगाची बाजू लांबवली तर ती खालच्या बाजूच्या रेषेला आकृतीबाहेर भेटेल, आणि बाहेर भेटणाऱ्या रेषांचा त्रिकोण कागदावर नसतोच. तिकड्या मोजताना ‘या दोघी आकृतीत भेटतात ना?’ हे दरवेळी विचारावं लागतं, आणि मग ही पद्धत सोपी राहत नाही.

तुकड्यांची पद्धतही सोळा क्रमांकांवर जड होते. तेव्हा घरं पाडावीत. उभ्या-आडव्या मध्यरेषांनी या चौरसाची चार सारखी घरं होतात आणि प्रत्येक घरात दोन कर्ण असतात. एका घरात त्रिकोण आठ: चार एकेकटे आणि चार जोडीचे. चार घरांत बत्तीस. हे झाले घराबाहेर न जाणारे. मग शेजारच्या दोन घरांत पसरलेले. वरची दोन घरं घ्या. वरची पूर्ण बाजू पाया धरून केंद्रापर्यंत उतरणारा एक, आणि आडवी मध्यरेषा पाया धरून वरच्या मध्यबिंदूपर्यंत चढणारा दुसरा. घरांच्या अशा जोड्या चार, म्हणून आठ त्रिकोण. यांतला दुसरा बहुतेकांचा निसटतो, कारण तो पतंगाचा अर्धा भाग असतो आणि पतंग एकदा पतंग म्हणून दिसला की त्याचा अर्धा भाग सुचत नाही. शेवटी दोनापेक्षा जास्त घरांत पसरलेले, म्हणजे मोठ्या कर्णांनी कापलेले चार. बत्तीस, आठ आणि चार, चव्वेचाळीस. पर्यायांत चाळीस असेल तर तो पतंगाचे चार अर्धे विसरणाऱ्यासाठी ठेवलेला असतो.

याच आकृतीत चौरस किती, असं विचारलं की उत्तर हमखास पाच येतं: चार घरं आणि एक मोठा. खरे दहा आहेत. पतंग हा सहावा. उरलेले चार पतंगाच्या आत आहेत आणि तेही तिरपेच उभे. वरच्या मध्यबिंदूपासून केंद्रापर्यंतची उभी रेषा घ्या आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या घरांचे मध्य पाहा. ते चार बिंदू मिळून एक छोटा पतंग होतो, आणि केंद्राच्या चारही दिशांना असा एकेक. चौरस मोजताना म्हणूनच आधी ठरवावं, की सरळ ठेवलेले एकदा मोजायचे आणि पान पंचेचाळीस अंशांत फिरवून तिरपे एकदा. प्रत्यक्ष पान फिरवलं तरी चालतं, परीक्षेत त्याला मनाई नाही.

नुसत्या चौकटींच्या जाळीत, तीन बाय तीन किंवा चार बाय चार, एवढी कसरत नाही. एका घराच्या बाजूचे चौरस नऊ, दोन घरांच्या बाजूचे चार, तीन घरांच्या बाजूचा एक. तीन बाय तीनमध्ये चौदा. वर्गांची बेरीजच ती. ही बेरीज थेट काढायची रीत आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या ‘आर्यभटीया’त गणितपादात दिली आहे: पदसंख्या, तिच्यापुढची संख्या आणि या दोहोंची बेरीज, या तिघांचा गुणाकार करून सहाने भागायचं. चारसाठी चार, पाच आणि नऊ, म्हणजे १८० भागिले सहा, तीस. बुद्धिबळाच्या पटासाठी आठ, नऊ, सतरा, उत्तर २०४.

पण परीक्षा घेणारा माणूस पूर्ण जाळी क्वचितच देतो. तीन बाय तीनच्या जाळीतून वरच्या मधल्या घराची खालची कड खोडून टाकली तर किती उरतात? सूत्र लावणारा चौदाच लिहितो, थोडा सावध असलेला बारा लिहितो, कारण दोन घरं मोडली. खरं उत्तर दहा. ती कड दोन घरांची तर होतीच, शिवाय खालच्या भागातल्या दोन घरांच्या बाजूच्या दोन चौरसांच्या माथ्यावरही तीच होती. वरच्या भागातल्या तसल्या दोन चौरसांना मात्र धक्का लागत नाही, त्यांच्या कडा त्या ओळीवर येतच नाहीत. रेषा गायब असेल तेव्हा आधी पूर्ण जाळीचे चौरस काढावेत आणि मग प्रत्येक मापाला ‘ही कड कुणाकुणाच्या काठावर होती’ असं विचारून वजा करत जावं. हे उरलेले एकेक शोधण्यापेक्षा कितीतरी सोपं पडतं.

त्रिकोणांच्या जाळीत, म्हणजे मोठ्या समभुज त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूचे सारखे भाग करून आत समांतर रेषा ओढलेल्या आकृतीत, वेगळाच खड्डा आहे. चार ओळींची जाळी घ्या. टोक वर असलेले त्रिकोण मापाप्रमाणे दहा, सहा, तीन आणि एक, म्हणजे वीस. टोक खाली असलेले लहान त्रिकोण दुसऱ्या ओळीत एक, तिसऱ्यात दोन, चौथ्यात तीन, असे सहा. सव्वीसवर थांबणारे खूप. सत्ताविसावा त्रिकोण उलटा आणि दुप्पट मापाचा, त्याची तिन्ही टोकं मोठ्या त्रिकोणाच्या बाजूंच्या मध्यावर टेकलेली. उलट्या त्रिकोणाला त्याच्या बाजूच्या दुप्पट जागा लागते, म्हणून तो तीन ओळींत मावत नाही आणि चार ओळींत नेमका एकदा मावतो. यामुळेच तीन ओळींवर सराव केलेल्या मुलाला तेरा हे उत्तर बरोबर येतं आणि मोठे उलटे त्रिकोण असतात हेच त्याला माहीत नसतं.

वेळेचा प्रश्न उरतो. ‘एनएमएमएस’च्या बौद्धिक क्षमता चाचणीत ९० प्रश्न आणि ९० मिनिटं असतात. एका मिनिटात सोळा तुकड्यांना क्रमांक देऊन सगळ्या पायऱ्या लिहिणं शक्य नाही, आणि दोन्ही पद्धती लावून पाहणं तर नाहीच. सरावात दोन्ही वाटांनी उत्तर काढावं. परीक्षेत आकृती पाहून एकच निवडावी. सगळ्या रेषा आरपार जात असतील आणि सहा-सातच असतील तर रेषांची पद्धत लवकर आटोपते. रेषा मध्येच थांबत असतील, टोकं अधांतरी असतील, तर तुकड्यांना क्रमांक द्यावेत. आकृतीत तीच ती घरं पुन्हा पुन्हा असतील तर एक घर मोजावं, गुणावं आणि मग सीमा ओलांडणारे वेगळे मोजावेत. पंधरा-वीसपेक्षा जास्त तुकडे दिसले आणि घरंही पडत नसतील, तर तो प्रश्न शेवटासाठी ठेवलेला बरा. त्याचाही गुण एकच असतो.

आणि आकृतीच सदोष असेल तर? असं होतं. एखादी रेषा बाजूपर्यंत पोचलेलीच नसते, किंवा मध्यगांच्या आकृतीत मधोमध फट राहिलेली असते आणि पर्यायांत सोळाही असतात, सतराही. राज्य परीक्षा परिषद शिष्यवृत्तीची अंतरिम उत्तरसूची आधी जाहीर करते आणि तिच्यावर आक्षेप मागवते. तिथे ‘आकृती चुकली आहे’ एवढंच लिहून भागत नाही. तुकड्यांचे क्रमांक, प्रत्येक पायरीवरची संख्या आणि ज्या छेदनबिंदूवरून वाद आहे त्याचा स्पष्ट उल्लेख असेल, तर वाचणाऱ्याला तोच कागद हातात घेऊन दोन मिनिटांत पडताळून पाहता येतं.